स्वीट पीला पानंच पानं, फूल कुठाय? मराठवाड्यातल्या गॅलरीत दरवर्षी होणारी अडचण

जानेवारीच्या शेवटी ही तक्रार ठरलेली असते. स्वीट पीचा वेल कठड्यावर चढलाय, पानं हिरवीगार आहेत, उंची पाच फूट झाली, पण कळीचा पत्ता नाही. मार्च लागला की कुठेतरी दोन-चार कळ्या दिसतात, तोवर ऊन तापतं आणि आठ-दहा दिवसांत अख्खा वेल वाळून जातो. पुढच्या वर्षी कुंडी बदलते, खत बदलतं, माती बदलते आणि शेवट तोच होतो.

यावर बहुतेक जण सांगतात की खत कमी पडलं. मला ते पटत नाही. ज्या वेलाला पाच फूट वाढायला ताकद मिळाली, त्याला फूल काढायला ताकद कमी पडली असं सहसा होत नाही. बिघाड पेरणीच्या दिवशीच, कधी कधी तर बियांचं पाकीट घेताना झालेला असतो.

आधी वेल नीट बघा

कळी येतच नाही, की येते आणि गळते? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर एकच उपाय केला की घोटाळा होतो.

सकाळच्या उजेडात वेलाचा वरचा हातभर भाग घ्या आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात बघा. कळी धरलेली असेल तर तिथून दोऱ्यासारखा बारीक देठ निघालेला दिसतो आणि त्याच्या वाकलेल्या टोकाला मोहरीएवढे हिरवे मणी असतात. ते मणी पिवळे पडले असतील आणि बोट लावताच देठापासून सुटून येत असतील, तर ती कळीगळ. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. पण बेचक्यात फक्त पानाचा फुटवा असेल, देठ कुठेच नसेल, तर वेलाने अजून फुलायचं ठरवलेलंच नाही. मराठवाड्यात ही दुसरी गोष्ट जास्त आढळते आणि ती सगळ्यात कमी ओळखली जाते.

कळीच येत नसेल तर दिवसाची लांबी बघा

स्वीट पी मूळचा सिसिली आणि दक्षिण इटलीकडचा. तिकडे तो पावसाळी, सौम्य हिवाळ्यात रुजतो, थंडीभर मुळं धरतो आणि वसंतात दिवस मोठा होऊ लागला की फुलतो. दिवस मोठा झाला ही त्याच्यासाठी फुलायची खूण. पुढे इंग्लंडमध्ये याच्या मोठ्या, झालरीच्या पाकळ्यांच्या जाती निघाल्या. त्यांना स्पेन्सर म्हणतात आणि पाकिटावरच्या देखण्या फोटोत बहुतेक वेळा त्याच असतात. या जातींना कळी धरायला साधारण 12 तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो.

आता आपल्याकडचा हिशोब मांडा. परभणी, नांदेड, लातूर, बीड कुठेही घ्या, डिसेंबरच्या शेवटी दिवस साधारण 11 तासांचा असतो. तो 12 तासांवर पोचतो मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे स्पेन्सर जातीच्या वेलाला फुलायची खूण मिळते तेव्हा आपल्याकडे दुपारचं तापमान 35च्या पुढे गेलेलं असतं. स्वीट पीला 25 अंशांच्या वर कंटाळा येतो आणि 30च्या वर तो आवरतं घेतो. खूण मिळणं आणि ऊन तापणं एकाच पंधरवड्यात येतं, म्हणून दोन-चार फुलं आणि मग वाळलेला वेल.

दिल्लीकडचे लोक हेच बी लावून मार्चात गच्च फुलं दाखवतात, त्याचं कारण तिकडचा मार्च आपल्यापेक्षा बराच थंड असतो. त्यांचे व्हिडिओ बघून आपण वेळापत्रक ठरवलं की फसलोच.

यावर उपाय एकच आहे आणि तो पाकिटावर आहे. स्वीट पीमध्ये हिवाळी फुलणाऱ्या जातींचा वेगळा गट आहे. त्यांना 10-11 तासांचा दिवस पुरतो, म्हणजे आपल्या डिसेंबरातही त्या कळी धरतात. विंटर एलिगन्स आणि मॅमथ ही त्यातली मिळणारी नावं. पाकिटावर 'विंटर' किंवा 'अर्ली' असा शब्द शोधा. नुसतं 'स्वीट पी मिक्स' लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारून उपयोग होत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. असं पाकीट घरात पडलेलंच असेल तर चार बिया एका कोपऱ्यात लावून बघा, पण सगळा कठडा त्याच्या भरवशावर सोडू नका. हिवाळी जातींची फुलं स्पेन्सरपेक्षा थोडी लहान असतात, देठही जरा आखूड. वास मात्र असतो, आणि मार्चातल्या दोन मोठ्या फुलांपेक्षा जानेवारीतली ओंजळभर लहान फुलं मला बरी वाटतात.

परभणीतल्या काकूंची गॅलरी

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात. दुसरा मजला, पूर्वेकडे तोंड असलेली दहा फुटांची गॅलरी, चौकोनी लोखंडी पाइपचा कठडा. सकाळी सात ते दुपारी बारापर्यंत सरळ ऊन, नंतर सावली. मराठवाड्यात स्वीट पीला याहून चांगली जागा मिळणं अवघड. तरीही दरवर्षी तेच व्हायचं. मला बोलावलं तेव्हा कठड्यावर पानांचा नुसता पडदा होता.

"अरे, थोडा युरिया टाकून बघू का?" त्यांनी विचारलं.

"नको काकू, युरियानेच तर पानं माजतात. बियांचं पाकीट ठेवलंय का?"

पाकीट डब्यात होतं आणि त्यावर 'स्पेन्सर मिक्स' लिहिलेलं. अर्धं उत्तर तिथेच मिळालं. उरलेलं अर्धं त्यांच्या सवयींत होतं: बी चोवीस तास झाकून भिजवायच्या, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात थेट गॅलरीतल्या कुंडीत टोचायच्या, आधार म्हणून कठडाच, आणि शेंडा कधी खुडायचा नाही, कारण "वाढणाऱ्याला कशाला तोडायचं".

पुढच्या हंगामात आम्ही तीन ग्रोबॅग भरल्या. दोन बॅगांत हिवाळी जात आणि तिसरीत काकूंच्या आग्रहाने तेच जुनं पाकीट. माती, पाणी, खत, आधार, खुडणी सगळं तिन्हींना सारखं. मुद्दाम ठरवून केलेलं नव्हतं, पण तुलना आयती मिळाली. हिवाळी जातीला संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी पहिलं फूल आलं आणि त्या दोन बॅगा मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलत राहिल्या. स्पेन्सरच्या बॅगेत तोवर पान चांगलं, खोड जाड, कळी नाही. मार्च लागल्यावर तिच्यात थोड्या कळ्या दिसल्या आणि पाडव्यापर्यंत वेल करपला. म्हणजे माती, पाणी, खत यांची शंका फिटली.

त्या हंगामात काय काय बदललं ते आता सविस्तर सांगतो.

बी भिजवणं: तासांपेक्षा बीकडे बघा

स्वीट पीच्या काही बियांचं कवच पाणी आत घेत नाही, काहींचं सहज घेतं, आणि एकाच पाकिटात दोन्ही प्रकार असतात. म्हणून 'रात्रभर भिजवा' हा सरसकट नियम अर्ध्या बियांना बरोबर आणि अर्ध्यांना घातक ठरतो. ज्या बीने चार तासांत पाणी घेतलं, ती पुढे वीस तास पाण्यात राहिली तर तिला हवा मिळत नाही, आतलं सत्त्व पाण्यात उतरतं आणि ती मातीत गेल्यावर बुळबुळीत होऊन सडते. वाटीतलं पाणी पिवळसर, फेसाळ झालं असेल आणि आंबूस वास येत असेल तर समजा, उशीर झाला.

आम्ही असं केलं. सकाळी बिया कोमट पाण्यात टाकल्या, चहा पिताना ओठाला चटका बसणार नाही इतपत कोमट. चार तासांनी वाटी उजेडात धरली. काही बिया दुप्पट फुगून वाटाण्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, त्या लगेच बाहेर काढून पेरल्या. उरलेल्या होत्या तशाच, मिऱ्यासारख्या कडक. त्या पुसून घेतल्या. प्रत्येक बीवर एक छोटा व्रण असतो, शेंगेला चिकटलेली असते ती जागा, तिला डोळा म्हणतात. डोळ्याच्या बरोबर उलट्या बाजूला नेलकटरने कवचाचा जेमतेम टवका काढायचा, आतला फिकट गर दिसला की थांबायचं. डोळ्याजवळ कापलं तर कोंब जखमी होतो. नेलकटरची भीती वाटत असेल तर पॉलिश पेपरवर ती एक बाजू घासा. मग पुन्हा पाण्यात तीन-चार तास, आणि त्या बियाही फुगल्या.

फिकट, पांढरट सालीच्या बिया पाकिटात असतील तर त्या भिजवूच नका. त्यांचं कवच मऊ असतं आणि त्या सगळ्यात आधी सडतात. ओल्या मातीत कोरड्याच टोचा.

भिजवण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढचे दहा दिवस बी कुठे राहते. स्वीट पीला रुजायला 13 ते 18 अंशांची गार माती आवडते. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये गॅलरीतली काळी ग्रोबॅग दुपारी हाताला चटका देते. पहिल्या आठवड्यात थेट तिथे टोचलेली बी म्हणजे शिजवायला ठेवलेली बी. आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर कागदी कपात पेरलं, साधारण दोन सेंटिमीटर खोल, एका कपात एक बी, आणि कप घरातल्या सगळ्यात गार फरशीवर, माठाच्या शेजारी ठेवले. 18 अंश तिथेही नसतात, पण गॅलरीपेक्षा बराच फरक पडतो. कोंब वर दिसला त्या दिवशी कप उजेडात आणले. या एका दिवसाची हयगय झाली तर रोप सुतासारखं लांब आणि लुळं होतं आणि पुढे नीट जाड होत नाही.

पेरणी याहून किती लवकर-उशिरा चालते? दसऱ्याची तारीख मागेपुढे होते म्हणून सणावर जाऊ नका. 10 ऑक्टोबर ते 31 ऑक्टोबर हा पट्टा धरा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलं तर रुजायला छान रुजतं, पण फुलायचे दिवस हातातून जातात.

माती, थोडक्यात

आपली काळी कसदार माती कुंडीत वापरू नका. शेतात सोनं असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. पोयट्याची माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग. मुळं खोल जातात म्हणून बॅग किमान बारा इंच खोल हवी. एका पंधरा इंची बॅगेत चार रोपं पुरे.

आधार: कठडा हा आधार नव्हे

स्वीट पी स्वतःला कशाने धरतो ते एकदा जवळून बघा. खोड कशालाही वेढा घालत नाही. पानाच्या टोकाला दोन-तीन फाटे असलेली हिरवी तार असते, तिला तणाव म्हणतात. ती हवेत सावकाश फिरते, कशाला लागली की एका बाजूने आखडते आणि दोन-तीन वळसे घेते. या तारेला धरायला पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी लागतं. कठड्याचा इंचभर जाडीचा चौकोनी पाइप तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. मग ती शेजारच्या वेलाला धरते, शेजारचा तिला धरतो, सगळा गुंता कठड्यावर आडवा पडतो आणि आतली पानं पिवळी पडतात. काकूंचा तो 'पडदा' असाच तयार झाला होता.

शिवाय लोखंड तापतं. पूर्वेकडच्या गॅलरीत हे फार जाणवत नाही, पण दक्षिण-पश्चिमेला फेब्रुवारीच्या दुपारी कठड्याला टेकलेला शेंडा करपलेला दिसतो.

पहिल्या फुटभर वाढीसाठी आपल्या भागात सगळ्यात सोयीची वस्तू फुकट मिळते: तुराट्या. गेल्या वर्षीच्या, वाळलेल्या, वरच्या बारीक फाट्यांसकट. कोवळं रोप चार-पाच इंचांचं झालं की प्रत्येकाजवळ एक तुराटी खोचायची. तिचे काडीसारखे फाटे तणावांना नेमके जुळतात. पऱ्हाट्याही चालतील, पण वाळल्या बोंडांत अळी आणि काड्यांवर पिठ्या ढेकूण राहतो, म्हणून त्या घरात आणाव्यात असं मला वाटत नाही.

त्याच्या वर सुतळीची जाळी. बॅगेच्या काठाजवळ एक आडवी काठी, वर गॅलरीच्या छताला किंवा वरच्या पट्टीला दुसरी, आणि दोन्हींत दर चार इंचांवर उभ्या सुतळ्या ताणून. मग वीतभर अंतराने आडव्या सुतळ्या गुंफून गाठी मारायच्या. जाळी कठड्याच्या आतल्या बाजूला, लोखंडापासून चार बोटं लांब ठेवा. वारा मधून खेळतो आणि मागची पानंही हाताला लागतात. नायलॉनचा गुळगुळीत दोरा टाळा, तणाव त्यावरून घसरतात. सुतळीचा खरखरीतपणा त्यांना धरायला मदत करतो आणि मार्चात वेलासकट सगळी जाळी कापून कंपोस्टात टाकता येते.

हिवाळी जाती चार ते सहा फूट जातात. म्हणून जाळी कठड्याच्या उंचीवर थांबवू नका, नाहीतर वेल वर पोचून उलटा खाली लोंबतो आणि लोंबत्या शेंड्याला कळी कमी येते.

शेंडा खुडणं: एकदाच आणि वेळेत

न खुडलेला वेल एका खोडाने सरळ वर जातो आणि फुलं शेंड्यापाशी, तीही मोजकी येतात. शेंडा काढला की खालच्या बेचक्यांतून दोन-तीन फुटवे निघतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र फुलं येतात. हे सगळ्यांनाच माहीत असतं. माहीत नसतं ते हे की खुडण्याची किंमत दिवसांत मोजावी लागते. खुडल्यावर नवीन फुटवे येऊन वाढायला लागेपर्यंत फूल दोन आठवड्यांच्या आसपास मागे जातं. इंग्लंडात हे दोन आठवडे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आपल्याकडे अख्खा फुलायचा हंगामच आठ-नऊ आठवड्यांचा, त्यामुळे ते जपून खर्च करावे लागतात.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, उंची चार ते पाच इंच झाली की खालून दुसऱ्या जोडीच्या वरचा शेंडा नखाने खुडायचा. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरलं असेल तर ही वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. 20 नोव्हेंबर ही माझ्या दृष्टीने शेवटची तारीख. ती हुकली तर राहू द्या, एका खोडाचा वेल फुलांना कमी असेल पण वेळेवर फुलेल. डिसेंबरात "झुडूप गच्च होईल" म्हणून दुसऱ्यांदा खुडणाऱ्यांची फुलं पुन्हा मार्चकडे ढकलली जातात. ज्यांनी योग्य बी घेऊनही फूल पाहिलं नाही, त्यांच्याकडे चौकशी केली की अनेकदा ही डिसेंबरची खुडणी निघते.

काकूंनी पहिला शेंडा खुडायला मला लावला, स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या. दहा दिवसांनी खुडलेल्या रोपाला खालून दोन जाड फुटवे आलेले दिसले, तेव्हा वाढीत मागे राहिलेल्या उरलेल्या रोपांचे शेंडे त्यांनी स्वतः खुडले.

कळ्या येतात आणि पिवळ्या पडून गळतात

हे दुसरं दुखणं. डिसेंबर-जानेवारीत परभणीला पहाटे पारा 10च्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी 28-30 असतो. या हेलकाव्यात थोड्या पहिल्या कळ्या गळणारच, त्याला इलाज नाही आणि काळजीचंही कारण नाही. आठवड्याभरात पुढच्या कळ्या टिकू लागतात.

त्या टिकल्या नाहीत तर पाणी बघा. गार रात्री आणि ओली माती ही जोडी कळीला मानवत नाही. आपल्याकडे नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, त्यामुळे पाणी आलं त्या दिवशी कुंड्या तुडुंब भरायच्या आणि मग पुढच्या वेळेपर्यंत कोरड्या, अशी पद्धत घरोघरी आहे. स्वीट पीला हा दुष्काळ आणि पूर दोन्ही जाचतात. बादलीभर पाणी झाकून वेगळं ठेवा आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच, सकाळी नऊनंतर द्या. संध्याकाळी नको. बोअरचं जड पाणी चालतं, स्वीट पीला थोडी चुनखडीची माती उलट आवडते. फक्त कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोह कमी पडतंय. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस मिळतं, ते पाकिटावरच्या मात्रेत एकदा फवारलं की पुरतं.

उजेड कमी असला तरी कळ्या गळतात. पाच तास सरळ ऊन नसेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

खताचं सांगायचं तर हा वाटाण्याच्या कुळातला वेल आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवतो. युरिया आणि 19:19:19 दोन्ही बाजूला ठेवा. खुडणीनंतर फुटवे वीतभर झाले की 0:52:34 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीत. कळ्या दिसू लागल्यावर 0:0:50 तितकंच. आपल्याकडे ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडात असतात, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाकडे उरलेली पुडी सहज मिळते. वर्षभराच्या बाल्कनीला मूठभरही लागत नाही.

आणि फुलं तोडा. वेलावर शेंग धरली की त्याचं काम झालं, तो फुलणं थांबवतो. एक दिवसाआड उमललेले देठ कापून घरात ठेवले तर वेल फुलत राहतो. जानेवारीअखेरपासून शेंड्यांवर मावा आणि खालच्या पानांवर भुरी येते. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल, भुरीसाठी खालची दाटी काढून वारा खेळता ठेवणं, एवढ्यावर गॅलरीत भागतं.

गॅलरी पश्चिमेची असेल तर

तिथे स्वीट पीचा हट्ट सोडा आणि मॉर्निंग ग्लोरी लावा, पण तिचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे हे लक्षात ठेवून. दिवस लहान होऊ लागला की तिला फुलायची खूण मिळते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं घ्यायची. तिची बी जास्त कडक असते, टवका काढून रात्रभर भिजवली तरी चालते. तिला तणाव नसतात, खोडच आधाराला वेढे घालत वर चढतं. म्हणून तिला जाळीपेक्षा उभी, ताणलेली सुतळी हवी. आडव्या पाइपवर ती चढत नाही, नुसती लोळते. शेंडा चार-पाच पानांवर एकदा खुडा, खत जवळजवळ देऊच नका.

मॉर्निंग ग्लोरीला पानं भरपूर आणि फूल नाही अशी तक्रार असेल तर रात्री गॅलरीत उभं राहून बघा. समोरचा रस्त्याचा दिवा किंवा स्वतःचा रात्रभर जळणारा एलईडी वेलावर पडत असेल तर वेलाला रात्र पुरेशी लांब वाटत नाही. स्वतःचा दिवा बंद करता येतो. रस्त्याच्या दिव्यासाठी संध्याकाळी वेलावर जाड कापड टाकावं लागेल, किंवा बॅग अंधाऱ्या बाजूला सरकवावी लागेल.

पुढच्या वर्षीचं बी

स्वीट पीच्या फुलात परागण बहुतेक वेळा आपलं आपणच, फूल उमलायच्या आधी होतं, त्यामुळे घरचं बी सहसा तसंच्या तसं उतरतं. सगळ्यात आधी फुललेला एक वेल लाल सुतळी बांधून खूण करून ठेवा आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून फक्त त्याच्या शेंगा धरू द्या, बाकीच्या वेलांची फुलं तोडत राहा. लवकर फुलणारा वेल निवडत गेलं की आपल्या गॅलरीला मानवणारं बी हाती येतं, आणि ते पाकिटात शोधावं लागत नाही. शेंग तपकिरी होऊन कुरकुरीत झाली की लगेच काढा, उन्हात ती तडकून बिया खालच्या मजल्यावर उडतात.

या शेंगा हुबेहूब मटारच्या धाकट्या भावंडांसारख्या दिसतात आणि त्या विषारी आहेत. स्वीट पी हा लाखोळीच्या डाळीचा जवळचा नातेवाईक. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागेल अशी एकही शेंग ठेवू नका, आणि बियांची डबी मसाल्याच्या फळीवर न ठेवता नाव आणि 'खायचं नाही' लिहून वेगळी ठेवा.